डाव्या सीटचं कव्हर

तुमच्या गाडीत पुढच्या डाव्या सीटवर कोण बसतं? चेहरा डोळ्यांसमोर आणा. आता सांगा, त्या सीटवर कव्हर कुणी घातलं, आणि घालणाऱ्याला तुम्ही काय विचारलं होतं?

हा प्रश्न मला एका शुक्रवारी सकाळी पडला. राजाजीनगरच्या आमच्या शोरूममध्ये, एका नव्याकोऱ्या गाडीचं डावं दार उघडून मी उकिडवी बसले होते आणि सीटच्या कडेवर बोटं फिरवत होते. बाहेर हार आला होता. चाकांखाली ठेवायची लिंबं आली होती. साडेदहाला राहुकाळ लागणार होता आणि त्याच्या आत गाडी गेटबाहेर पडायला हवी होती. बेंगळुरूत राहुकाळात कुणी नवी गाडी हलवत नाही; आमचं डिलिव्हरीचं वेळापत्रक त्यावरच बेतलेलं असतं. सगळं तयार होतं. मला फक्त सीटची शिवण पटत नव्हती.

मी सेल्स कन्सल्टंट आहे. म्हणजे गाड्या विकते. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा निपाणीत केला आणि इथे आले. माझे बाबा निपाणीत छोटा छापखाना चालवायचे. कामगारांची, ग्राहकांची, पाण्यासाठी भांडणाऱ्यांची पत्रकं तिथे छापली जायची, आणि त्यांचे खिळे जुळवता जुळवता मी वाचायला शिकले. त्यामुळे जिथे कुणी 'विश्वास ठेवा' म्हणतं, तिथे माझे कान टवकारतात. हा गुण सेल्समध्ये फारसा उपयोगाचा नाही.

ही गाडी माधवराव आणि त्यांची मुलगी रेवती यांची. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूतलं. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि दोन्हींची सरमिसळ तोंडात. शोरूममध्ये मराठी बोलणारी मी एकटी, म्हणून मला पुढे केलं होतं. माधवराव सरकारी कारखान्यात स्टोअर्स सांभाळून निवृत्त झालेले. आयुष्यभर आलेला माल उलटून पालटून पाहणं हेच काम. रेवती मारतहळ्ळीजवळ सॉफ्टवेअर कंपनीत. घरात आजवर फक्त एक स्कूटर. ही पहिली कार.

पहिल्या दिवशी दोघं आले ते भांडतच आले.

"अण्णा, तुम्ही रंग बघू नका आधी."

"रंग कोण बघतंय? मी दार बघतोय. दार किती उघडतं ते."

रेवतीनं मला नमस्कारही केला नाही. सरळ विचारलं, "ही टेस्ट ड्राइव्हची गाडी टॉप मॉडेल आहे ना? आम्ही जे मॉडेल घेऊ त्यात यातलं काय काय नसेल, ते आधी सांगा."

मला ती आवडली. बहुतेक लोक हे विचारत नाहीत. शोरूममध्ये उभी असते ती गाडी आणि चालवून बघायला देतात ती गाडी, दोन्ही सगळ्यात महागड्या मॉडेलच्या असतात. तुम्ही त्यात बसता, खूश होता, आणि खालचं मॉडेल बुक करता. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. आत काय कमी झालं, ते पावसात मागची काच पुसायला गेलात की कळतं.

तेवढ्यात माधवरावांनी खिशातून पांढरा दोरा काढला. त्याला एक गाठ मारलेली होती. दोऱ्याचं एक टोक त्यांनी जमिनीला लावलं आणि गाठ सीटच्या कडेशी धरली.

"हे काय आहे काका?"

"बायकोच्या गुडघ्याचं माप. सीट याच्या खाली असली तर तिला उठता येत नाही. याच्या वर असली तर चढता येत नाही. गाठीला बरोबर आली पाहिजे."

त्या दिवशी त्यांनी हॉलमधल्या सगळ्या गाड्यांना तो दोरा लावला. लोक बघत होते. त्यांना फरक पडत नव्हता.

भांडण कशावरून होतं ते हळूहळू कळलं. माधवरावांची पत्नी, काकू, एकदा कॅबमध्ये मागे बसून हेब्बाळला बहिणीकडे जात होत्या. फ्लायओव्हरखाली डाव्या बाजूनं एक टेम्पो येऊन दारावर आदळला. काकूंच्या डाव्या बरगड्या मोडल्या. बरगड्या जुळल्या, पण कारमध्ये बसणं बंद झालं. मेट्रोनं जातात. हेब्बाळला मेट्रो नाही आणि बस बदलून, उभ्यानं जाणं गुडघ्यांना झेपत नाही. बहीण तिकडे अंथरुणाला खिळलेली. रोज फोन होतो. भेट नाही.

ही कार त्या भेटीसाठी होती.

रेवतीचं म्हणणं सोपं होतं: धडक डावीकडून बसली होती, तर डावीकडून वाचवणारी गाडी हवी. तिला सहा एअरबॅगवाली कॉम्पॅक्ट एसयूव्ही हवी होती. सहा म्हणजे काय, ते सांगते. पुढे दोन: एक स्टिअरिंगमध्ये, एक डाव्या बाजूच्या डॅशबोर्डमध्ये. या समोरच्या धडकेसाठी. दोन लांब पडदे, खिडक्यांच्या वर छताच्या कडेला दडवलेले. ते डोकं काचेवर आपटू देत नाहीत. आणि उरलेल्या दोन पुढच्या सीटांच्या आतच असतात, पाठीच्या दाराकडच्या कडेला. या बरगड्यांसाठी. बाजूनं धडक बसली की सीटची ती कड फाटते आणि माणूस आणि दार यांच्यामध्ये उशी उभी राहते. पापणी लवायच्या आत.

माधवरावांना हवी होती शेजारची उंच, चौकोनी, छोटी गाडी. दार पूर्ण उघडायचं. सीट मऊ. गाठ बरोबर कडेला. पण त्यांना परवडणाऱ्या मॉडेलमध्ये एअरबॅग दोनच होत्या, दोन्ही समोरच्या.

"अण्णा, डावीकडून ठोकर बसली तर यात काहीच नाहीये."

"आणि तुझ्या त्या गाडीत ती बसलीच नाही तर एअरबॅग कुणासाठी? मोकळ्या सीटसाठी?"

"बसेल. सवय होईल."

"सीट हातानं दाबून बघितलीस? पाट आहे पाट. तिची बरगडी थंडीत अजून दुखते. तू रात्री लॅपटॉप घेऊन झोपतेस, तुला काय माहीत?"

रेवतीनं सीट दाबून बघितली. मग म्हणाली, "तुम्ही तरी तिला कुठे विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? ती नकोच म्हणणार."

दोघांचं बरोबर होतं, हीच अडचण होती. रेवती धडकेचा विचार करत होती, माधवराव धडकेच्या आधीच्या सगळ्या दिवसांचा. मी दोन्ही गाड्यांची माहिती दिली, वरची आणि खालची मॉडेलं समोरासमोर ठेवली, आणि मध्ये पडले नाही.

तीन शनिवार ते येत राहिले. तिसऱ्या शनिवारी माधवरावांनी एसयूव्हीला दोरा पुन्हा लावला. गाठ कडेच्या किंचित खाली आली, फार नाही. ते बराच वेळ दोरा बोटाला गुंडाळत राहिले.

"सरी," ते शेवटी म्हणाले. कन्नडमध्ये सरी म्हणजे ठीक. "गाडी तुझी. एअरबॅग तुझ्या. पण सीट माझी. सीटवर काय घालायचं त्यात तू तोंड घालायचं नाहीस."

"डन," रेवती म्हणाली.

बाप-लेकीनं हात मिळवले. मी बुकिंग घेतलं. तहाच्या दोन्ही अटी एकाच जागी येऊन भिडणार आहेत, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही.

पुढच्या आठवड्यात, माझ्या सुट्टीच्या दिवशी, माधवराव एकटे येऊन गेले. थेट ऍक्सेसरीजच्या काउंटरवर.

या काउंटरबद्दल सांगायला हवं. गाडी विकून शोरूमला जेवढं सुटतं, त्याहून चांगलं सुटतं सीट कव्हर, मॅट, कॅमेरा, क्रोमच्या पट्ट्या विकून. म्हणून प्रत्येक गाडीमागे ऍक्सेसरीचं टार्गेट असतं. यातला काही माल गाडी बनवणाऱ्या कंपनीचा असतो, काही बाहेरच्या पुरवठादाराचा. दोन्ही एकाच कपाटात, एकाच दिव्याखाली ठेवलेले. गिऱ्हाइकाला वाटतं, शोरूममध्ये आहे म्हणजे कंपनीचंच.

तर शुक्रवारी सकाळी. डिलिव्हरीआधी प्रत्येक गाडीची पीडीआय होते: टायर, रंग, दिवे, तेल-पाणी, बटणं, सगळं तपासून बघणं. ते टेक्निशियन करतो. पण मी माझ्या गाड्या स्वतःही एकदा बघते. दार उघडलं तर दोन्ही पुढच्या सीटांवर जाडजूड तपकिरी कव्हरं. डाव्या सीटला पाठीशी, कडेशी, आणखी एक फोमचा थर. बरगडीला टेकायला. माधवरावांनी खास सांगून घालून घेतलेला.

कव्हरच्या कडेला छोटा टॅग शिवलेला होता. त्यावर इंग्रजीत 'एअरबॅग'.

टॅग बघून कुणीही पुढे गेलं असतं. मी थांबले ते बोटांमुळे. एअरबॅगवाल्या सीटचं नीट बनवलेलं कव्हर असलं तर त्या कडेला एकतर खाच मोकळी सोडलेली असते, किंवा तिथली शिवण मुद्दाम कच्च्या धाग्यानं घातलेली असते. फाटायचं तर तिथेच फाटावं, लगेच फाटावं, म्हणून. इथे माझ्या बोटांना जाड दोरा लागत होता. दुहेरी टाका. मी खालचे हूक सोडले, कव्हर उलटून बघितलं. वरपासून खालपर्यंत तोच टाका. आत फोम. त्याच्या आत सीटचा खरा टॅग, झाकलेला.

म्हणजे काकूंच्या बरगडीसाठी रेवतीनं जी एअरबॅग मिळवली होती, तिच्यावर काकूंच्याच बरगडीसाठी माधवरावांनी गादी शिवून घेतली होती.

काउंटरवर मुरली होता. हसरा मुलगा, बोलायला गोड.

"मुरली, या कव्हरची टेस्ट कुणी केलीय?"

"अक्का, टॅग आहे ना."

"टॅग आहे. टेस्ट कुणी केलीय?"

"सप्लायर करतो."

"सप्लायरनं कुठली सीट घेऊन केली?"

"ते मला काय माहीत, अक्का. टॅग असतो म्हणजे झालं."

"हे टॅग येतात कुठून?"

मुरलीनं खणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "रोल येतो," तो म्हणाला. "लागतील तसे शिवून घेतो."

कपड्यावर साइझचा बिल्ला शिवावा तसा हे लोक एअरबॅगचा बिल्ला शिवत होते. आणि हे लपूनछपून नव्हतं. मुरलीला यात लपवण्यासारखं काही आहे असंच वाटत नव्हतं.

मी सेल्स मॅनेजरकडे गेले. प्रवीण सर. ते नेहमीप्रमाणे दोन फोनवर होते.

"सर, त्या कव्हरमुळे साइड एअरबॅग अडणार. काढून द्यायला हवं."

"आज किती डिलिव्हरी आहेत बघितलंस का बोर्डवर?"

"सर, डावी सीट आहे. त्यांच्या पत्नीसाठीच..."

"मनीषा. अर्ध्या बेंगळुरूच्या गाड्यांत असलीच कव्हरं आहेत. काही झालंय कुणाला?"

"झालंय की नाही ते आपल्याला कोण सांगणार, सर? ज्याला झालं तो कव्हरची तक्रार घेऊन परत येतो का?"

त्यांनी एक फोन खाली ठेवला. आवाज खाली आणला. "हे बघ. आधी गाडी जाऊ दे. राहुकाळाच्या आत हार, फोटो, किल्ली. गिऱ्हाइकाच्या समाधानाचा सर्व्हे भरून घे. नंतर सर्व्हिसला आले की निवांत सांग, कंपनीचं कव्हर घ्या म्हणून. दुसरी सेलही होईल."

मला वाटतं याच वाक्यानं माझं ठरलं. त्यांना धोका कळला नव्हता असं नाही. धोका कळला होता, आणि त्यातही त्यांना विक्रीच दिसली होती.

बाहेर माधवराव आणि रेवती गाडीपाशी पोचले होते. माधवरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. हातात पितळेची छोटी भवानीची मूर्ती आणि दुहेरी चिकटपट्टी. मी दोघांना बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं. हे कव्हर घालून गाडी नेऊ नका.

आणि माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

रेवतीचे डोळे बारीक झाले. "आता? डिलिव्हरीच्या दिवशी? कंपनीचं महागडं कव्हर विकायचंय ना तुम्हाला? मी वाचलंय हे सगळं. आधी घाबरवायचं आणि मग दुसरं गळ्यात मारायचं."

प्रवीण सरांनी मला नेमकं हेच करायला सांगितलं होतं. नंतर, निवांत. मुलीचा संशय अगदी बरोबर होता, फक्त माणूस चुकीचा धरला होता.

माधवरावांना वेगळाच संशय आला. ते लेकीकडे वळले. "सीट माझी ठरली होती. तुम्ही दोघींनी फोनवर ठरवलंय हे."

"अण्णा! मी हिच्याशी बोललेसुद्धा नाहीये."

"मग हिला आजच कसं सुचलं? मी त्या मुलाला विचारलं होतं, एअरबॅगला चालतं का. त्यानं टॅग दाखवला. मी स्टोअर्समध्ये आयुष्य काढलंय बाई, लेबल बघितल्याशिवाय मी माल घेत नाही."

"काका, मला तुम्हाला काहीही विकायचं नाही," मी म्हणाले. "कव्हर काढा आणि मोकळी सीट घेऊन जा. दुसरं कुठलंही घेऊ नका, आमच्याकडचं तर नाहीच. फक्त आधी माझ्याबरोबर या."

हॉलमध्ये तेच मॉडेल उभं होतं, कव्हर नसलेलं. मी माधवरावांचा हात धरून डाव्या सीटच्या कडेवर ठेवला. कापडाखाली टणक, चपटी वस्तू लागते. तिच्यालगत बारीक शिवण. "एअरबॅग इथे आहे. या शिवणीतून ती बाहेर येते." मग त्यांच्या गाडीपाशी आणून हात त्याच जागी ठेवला. फोम. जाड दोरा. खालचं काही लागेचना.

त्यांनी अंगठ्यानं दाबलं. पुन्हा दाबलं. रेवतीनंही हात लावून बघितला.

"आता एकच करा," मी म्हणाले. "माझं ऐकू नका. मुरलीला बोलवा. त्याला बिलावर एक ओळ लिहून सही करायला सांगा: या कव्हरमधून साइड एअरबॅग उघडेल. लिहून दिलं तर कव्हर ठेवा."

मुरली आला. मागोमाग प्रवीण सर आले, घड्याळाकडे बघत.

"लिही रे पोरा," माधवराव म्हणाले. "एकच ओळ."

मुरलीनं सरांकडे बघितलं.

"सर, असं आम्ही लिहून देत नसतो," प्रवीण सर हसून म्हणाले. "पॉलिसी नाही. पण टॅग आहे ना. विश्वास ठेवा."

"टॅग शिवता येतो, पण लिहिता येत नाही?" माधवरावांनी विचारलं.

"सर, राहुकाळ लागेल. मुहूर्त जाईल. आधी गाडी काढून घेऊ, मग आपण..."

माधवराव घड्याळाकडे बघत नव्हते. ते सीटकडे बघत होते. त्यांचा हात अजून कडेवरच होता, आणि मला वाटतं त्या क्षणी ते ना माझा विचार करत होते ना मुरलीचा. ती गादी त्यांनी स्वतः मुठीनं दाबून निवडली होती. आणखी एक थर घाला म्हणून सांगणारेही तेच होते.

"काढा," ते म्हणाले.

"सर, राहुकाळ लागलाच आता..." प्रवीण सर म्हणाले.

"राहुकाळात नवं काही सुरू करायचं नसतं. काढायला काय हरकत आहे? काढा."

रेवतीच हसली पहिली. मग तिनं वाकून सीटखालचा एक हूक सोडला. दुसरा माधवरावांनी. मुरलीनं मुकाट्यानं उजवी सीट घेतली.

कव्हर खाली पडलं आणि मागून आवाज आला, "झालं का तुमचं?"

काकू. त्या इतका वेळ गिऱ्हाइकांच्या सोफ्यावर हळद-कुंकवाचं ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना गाडीपाशी कुणी बोलावलंच नव्हतं.

"किती महिने माझ्या बरगडीवरून भांडताय. शोरूममधल्या माणसांनासुद्धा माझी बरगडी पाठ झाली असेल. मला एकदा तरी विचारलंत, बाई तुला काय सलतं?"

"काकू, काय सलतं?" मी विचारलं.

त्यांनी ताट लेकीच्या हातात दिलं. दाराची कड धरली. सावकाश, आधी बसून, मग पाय आत घेत, त्या डाव्या सीटवर बसल्या. मोकळ्या सीटवर.

"सीट बरी आहे," काकू म्हणाल्या. "स्वल्प कडक आहे. कडकच बरी, उठायला जोर येतो. मला हा पट्टा नको."

त्यांनी सीट बेल्ट ओढला. तो सरळ गळ्यावर आला. त्या उंचीनं लहान होत्या. पट्टा गळ्याला लागताच त्यांचा चेहरा पडला आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी लांब धरला.

"त्या दिवशी कॅबमध्ये हाच गळ्यात रुतला होता. तेव्हापासून गाडी म्हटलं की मला ठोकर आठवत नाही. गळा आठवतो."

इतक्या महिन्यांत हे कुणाला ठाऊक नव्हतं. रेवतीनं एअरबॅग मोजल्या होत्या, माधवरावांनी गुडघ्याचं माप घेतलं होतं. आणि अडत होतं ते पट्ट्यापाशी. ही लहान गोष्ट नव्हे. एअरबॅग पट्टा बांधलेल्या माणसासाठी बनवलेली असते. काकूंनी पट्टा हातानं लांब धरला असता किंवा बांधलाच नसता, तर सहाच्या सहा एअरबॅग असूनही भरवसा देता आला नसता.

मी दारामागच्या खांबाकडे हात नेला. पट्टा जिथून खाली येतो, तिथे एक बटण असतं. ते दाबलं की पट्ट्याचा वरचा आधार वर-खाली सरकतो. या गाडीत ते पुढच्या दोन्ही बाजूंना होतं. सगळ्या गाड्यांत नसतं, आणि असलं तरी कुणी दाखवत नाही, कारण ते विकायचं नसतं. मी तो सगळ्यात खाली आणला. पट्टा गळ्यावरून उतरला आणि खांद्याच्या मधोमध बसला.

काकूंनी पट्ट्यावरून हात फिरवला. "अगं बाई. हे खाली येतं होय?"

"येतं काकू."

"मग त्या कॅबमध्ये..."

"मागच्या सीटला बहुतेक नसतं."

त्यांनी क्लिप लावली. टक् असा आवाज आला. मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचा तो दोरा इथे लावायला हवा होता."

माधवरावांनी खिशातला दोरा काढला, बघितला आणि परत ठेवला.

एक भांडण राहिलं होतं. त्यांनी मूर्ती चिकटवायला डाव्या डॅशबोर्डवर जागा हेरली होती. तिथेही एअरबॅग असते. उघडली तर पितळेची मूर्ती सरळ समोरच्या माणसाच्या तोंडावर येणार. हे मी सांगितलं तेव्हा ते खरंच वैतागले. "या गाडीत देवीलाही जागा नाही का गं?"

"घरी आहे ना देव्हाऱ्यात, तिला कशाला सिग्नलला उभी करता?" काकू म्हणाल्या. आणि पर्समधून भवानीचा एक लहानसा कागदी फोटो काढून त्यांनी मध्ये, रेडिओच्या खाली चिकटवला.

राहुकाळ संपेपर्यंत तिघं सोफ्यावर बसून राहिले. कॉफी आली. प्रवीण सर फिरकले नाहीत. बारानंतर लिंबं चिरडत गाडी गेटबाहेर पडली. रेवती चालवत होती, काकू डावीकडे, माधवराव मागे. मागे बसूनही त्यांनी पट्टा बांधला होता. संध्याकाळी रेवतीनं फोटो पाठवला: एका पलंगावर दोन म्हाताऱ्या बहिणी, हातात हात. खाली एवढंच लिहिलं होतं, 'हेब्बाळ.'

आता बाकीचं. ऍक्सेसरी परत आली म्हणून माझ्या नावावर ठपका बसला. मी सगळा प्रकार, टॅगच्या रोलच्या फोटोसकट, गाडी बनवणाऱ्या कंपनीला लिहून कळवला. 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं. काही आठवडे काउंटरवरून ती कव्हरं गायब होती. मग परत आली. टॅग आता आधीपेक्षा मोठा आहे.

मी अजून तिथेच आहे. माझ्या गिऱ्हाइकांना त्या कपाटापाशी एकटं जाऊ देत नाही, म्हणून सर मला दुसऱ्या शाखेत पाठवायचं बघतायत. पाठवू देत. कपाट तिथेही असेल.

या प्रकरणातून मी शिकले ते रुक्ष आहे. सुरक्षिततेचा शत्रू दर वेळी निष्काळजी माणूसच असतो असं नाही. कधी तो प्रेमानं आणखी एक थर घालायला सांगणारा माणूस असतो, आणि त्याच्या प्रेमावर टॅग शिवून विकणारा कुणीतरी शेजारी उभा असतो. पहिल्याला समजावता येतं. दुसऱ्याला फक्त लिहून मागता येतं.

म्हणून हे वाचून झालं की खाली जा. गाडीचं पुढचं डावं दार उघडा. सीटच्या पाठीची दाराकडची कड हातानं चाचपा. तिथे सीटवरच एअरबॅगचा टॅग असेल आणि त्यावर कव्हर असेल, तर घालणाऱ्याला फोन करा आणि यातून ती उघडेल असं सही करून लिहून द्यायला सांगा. त्यानं 'विश्वास ठेवा' म्हटलं, तर फोन ठेवा आणि कव्हर काढा. मग त्या सीटवर जे माणूस बसतं त्याला आणून बसवा, पट्टा बांधायला लावा, आणि विचारा: कुठे रुततोय का?